पाटल्यांचा भाव आधी ठरवा

लग्नासाठी चार तोळ्यांच्या, म्हणजे 40 ग्रॅमच्या पाटल्या करायच्या आहेत आणि हाताशी पाच लाख आहेत. मग रोज सोन्याचा भाव कोणत्या आकड्याशी ताडून पाहायचा? तो आकडा उलट्या हिशेबाने काढावा लागतो. आधी 3 टक्के जीएसटी वजा करा, मग घडणावळ, समजा 10 टक्के. उरलेल्या रकमेला 40 ने भागलं की येतात ग्रॅमला साधारण 11,030 रुपये. हे आपलं लक्ष्य.

मोबाइलवर रोज साडेअकराचा गजर लावा आणि ज्या पेढीत पाटल्या करायच्या, तिचाच 22 कॅरेटचा भाव वहीत टिपा. बातम्यांत बहुधा 24 कॅरेटचा भाव असतो. त्या हिशेबात हेच लक्ष्य ग्रॅमला सुमारे 12,030 होतं. ही गल्लत झाली, तर खरेदीची वेळ येऊनही आपण थांबून राहतो.

भाव लक्ष्याला टेकला की त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरून तो पावतीवर लिहून घ्या. नाही टेकला, तरी कारागिराला लागणारे दिवस मोजून शेवटची तारीख ठरवा. त्या दिवशी असेल त्या भावाने घ्यायचं, हवं तर वजन थोडं कमी करून.