जोयड्यातील जंत मोजायचे कसे?

अनमोड घाट चढून गेले की जोयडा तालुका लागतो. दाट रान, काळी नदीचे खोरे आणि एकमेकींपासून दूर वसलेल्या वाड्या. अशा भागात शाळकरी मुलांच्या पोटातील जंतांचे प्रमाण शोधायचे, तर पहिला प्रश्न पडतो तो किती मुले तपासावीत हा.

प्रमाणाविषयी काहीच अंदाज नसेल तर ते निम्मे धरतात. उत्तरात दहा टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर सूत्रानुसार ९६ मुले पुरतात. मात्र हा हिशेब मुले तालुकाभरातून सुटी सुटी निवडली, तरच खरा. एका शाळेतील मुले एकाच वाडीतली, एकाच मातीत अनवाणी खेळणारी. एकाला अंकुशकृमी असेल तर शेजाऱ्यालाही असण्याचा संभव अधिक. हे साम्य ०.१ मानले आणि प्रत्येक शाळेतून ५० मुले घेतली, तर ९६ ला जवळजवळ सहाने गुणावे लागते. शाळेमागे दहाच घेतली तर दुपटीने भागते, म्हणजे सुमारे १९२. डब्या परत न आणणाऱ्यांसाठी भर घालून २४ शाळांतील २४० मुले धरावीत. पायपीट वाढते खरी, पण लहान शाळांच्या मुलखात हाच मार्ग सोयीचा.

संमतिपत्र कन्नड, कोकणी आणि मराठीत हवे; वाचता न येणाऱ्या पालकांना ते साक्षीदारासमोर वाचून दाखवावे. ते शिक्षकांनी गोळा करू नये, कारण गुरुजींना नाही म्हणणे पालकांना जड जाते. पालकांनी सही केली तरी सात वर्षांवरील मुलाचा होकार वेगळा घ्यायचा असतो. मुलाने मान हलवली नाही, तर डबी द्यायची नाही. या साऱ्याला नीतिसमितीची मान्यता आधीच हवी.

खरी गफलत होते ती नमुन्याच्या वेळेत. डबी आदल्या दिवशी द्यावी. तिच्यावर नाव नको, फक्त क्रमांक. शौच कागदावर करून चमच्याने थोडे डबीत घ्यायचे, माती वा लघवी मिसळू द्यायची नाही. कॅटो-कॅट्झ पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम मळ काचपट्टीवर पसरतात. त्यातील ग्लिसरीनमुळे अंकुशकृमीची पातळ कवचाची अंडी तासाभरात दिसेनाशी होतात. गोलकृमीची अंडी मात्र टिकतात. म्हणून अहवालात गोलकृमी भरपूर आणि अंकुशकृमी जवळजवळ शून्य असे दिसले, तर आधी पट्टी किती वाजता पाहिली ते विचारावे. नमुना उष्म्यात दिवसभर पडला तर अंड्यांतून अळ्याही निघतात. सूक्ष्मदर्शक दूरच्या शहरात ठेवण्यापेक्षा जवळच्या आरोग्य केंद्रात नेलेला बरा.

जंतनाशक दिनाच्या, म्हणजे १० फेब्रुवारी किंवा ऑगस्टमधील गोळीनंतर लगेच पाहणी केली तर प्रमाण फसवे कमी येते. ती गोळीच्या आधी करावी. ज्याला जंत आढळले त्याला औषध मिळालेच पाहिजे, आणि निकाल पालकांनाच सांगावा. अहवालात शाळेचे नाव छापू नये. दहा-बारा मुलांच्या शाळेत ‘चौथीतील एक मुलगी’ म्हटले, तरी गावाला ती कोण हे कळते.