तीन वर्षे कधी पूर्ण होतात?

करबचतीसाठी तुम्ही ईएलएसएस, म्हणजे करबचतीच्या म्युच्युअल फंडात पैसे ठेवले असतील, तर ते तीन वर्षे काढता येत नाहीत हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण ही तीन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची? धनादेश दिला त्या दिवसापासून नाही, खात्यातून रक्कम वजा झाली त्या दिवसापासूनही नाही. फंडाकडे पैसे पोहोचतात आणि तुमच्या नावावर युनिट्स जमा होतात, त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. यालाच युनिट वाटपाची तारीख म्हणतात.

एकरकमी गुंतवणुकीत यामुळे एक-दोन दिवसांचाच फरक पडतो. खरी गफलत होते ती एसआयपीमध्ये, कारण तिथे प्रत्येक हप्त्याची तीन वर्षे वेगळी असतात.

समजा, तुम्ही एप्रिल 2023 ते मार्च 2024 दर महिन्याच्या 10 तारखेला 2,000 रुपये भरले. बारा हप्ते, एकूण 24,000. मुलीच्या कॉलेजची फी 12 जून 2026 ला भरायची आहे आणि तुमचा हिशेब असा की एप्रिलमध्येच सगळे पैसे मोकळे झाले. प्रत्यक्षात पहिल्या हप्त्याचे युनिट्स 11 एप्रिल 2023 ला मिळाले असतील, तर तेवढेच 11 एप्रिल 2026 ला सुटतात. दुसऱ्याचे 11 मे ला. तिसऱ्या हप्त्याच्या वेळी 10 जून 2023 ला शनिवार होता. रक्कम सोमवारी वजा झाली आणि युनिट्स 13 जूनला मिळाले. म्हणजे फीच्या दिवशी तेही अडकलेलेच! हाताशी फक्त दोन हप्त्यांचे युनिट्स. बरे, 13 जून 2026 लाही शनिवार आहे, तेव्हा तिसऱ्या हप्त्याला भाव मिळेल तो सोमवार, 15 जूनचा. शेवटच्या हप्त्याचे युनिट्स 12 मार्च 2024 चे असतील, तर ते मार्च 2027 पर्यंत थांबतील.

विक्रीचा अर्ज दिल्यावरही रक्कम बँकेत यायला कामकाजाचे दोन-तीन दिवस लागतात, तेही धरून चला.

तारीख अंदाजाने ठरवू नका. फंडाच्या खातेउताऱ्यात प्रत्येक व्यवहारापुढे तारीख आणि युनिट्स छापलेले असतात. पासबुकातली तारीख नव्हे, ही तारीख धरा आणि तिच्यात तीन वर्षे मिळवा. विक्रीत सर्वांत जुने युनिट्स आधी जातात, त्यामुळे निवड करावी लागत नाही. मोकळ्या युनिट्सपेक्षा जास्त विक्रीचा अर्ज मात्र नाकारला जाऊ शकतो.

या मुदतीला आजारपण किंवा लग्नकार्याची सवलत नाही. गुंतवणूकदाराचा मृत्यू झाल्यास मात्र वारसाला वाटपापासून एक वर्ष पूर्ण झाल्यावर पैसे काढता येतात.

आणि मुदत ठेवीसारखे हे पैसे तीन वर्षांनी आपोआप खात्यात येत नाहीत. तुम्ही विक्रीचा अर्ज देईपर्यंत ते फंडातच राहतात, बाजाराबरोबर वरखाली होत.