आघात आधी, स्वर नंतर
लेखमाला : इंग्रजी उच्चारांची उजळणी – भाग ६

हनुवटीखाली हात धरून शब्दाचे अवयव कसे मोजायचे, ते आपण मागच्या भागात पाहिले. आता त्याच मोजणीच्या आधाराने उच्चारांची कार्यपत्रिका सोडवायला घेऊ. अशा पत्रिकेत बहुधा तीन प्रश्न असतात. पहिल्यात आघात असलेल्या अवयवाखाली रेघ ओढायची असते. दुसऱ्यात उच्चार न होणाऱ्या, म्हणजे सायलेंट, अक्षराभोवती गोल करायचा असतो. तिसऱ्यात अधोरेखित अक्षराचा आवाज आणि ध्वनिचिन्ह यांची जोडी लावायची असते.

पुष्कळ मुले जोड्यांपासून सुरुवात करतात, कारण चार जोड्या जमल्या की पाचवी आपोआप लागते. आघाताचा प्रश्न शेवटी अंदाजाने उरकला जातो. हा क्रम उलटा आहे. इंग्रजीत एखाद्या स्वराचा आवाज कोणता, हे पुष्कळदा त्या अवयवावर आघात आहे की नाही यावरून ठरते. त्यामुळे पहिला प्रश्न चुकला की तिसऱ्यातही चूक होते, आणि आपली चूक नेमकी कुठे झाली ते मुलाला कळतच नाही.

हे एकाच शब्दाच्या कुटुंबावरून पाहू : फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक. मराठी बोलताना हे तिन्ही शब्द आपण जसे लिहिले तसेच म्हणतो. तिन्हींत ‘फो’ही कायम, ‘टो’ही कायम, ‘ग्रा’ही कायम. ब्रिटिश इंग्रजीतले त्यांचे उच्चार कोशात असे दिलेले असतात :

/ˈfəʊtəɡrɑːf/
/fəˈtɒɡrəfə/
/ˌfəʊtəˈɡræfɪk/

देवनागरीत साधारण असे लिहिता येतील : ˈफोटग्राफ, फˈटॉग्रफ, फोटˈग्रॅफिक. वरची छोटी उभी खूण मुख्य आघाताची. तिसऱ्या शब्दाच्या सुरुवातीला खाली दिसणारी खूण दुय्यम, म्हणजे त्याहून हलक्या आघाताची.

आता ‘जी-आर-ए-पी-एच’मधल्या ‘ए’कडेच लक्ष ठेवा. पहिल्या शब्दात तो ‘आ’, दुसऱ्यात नुसता ‘अ’, तिसऱ्यात ‘ॲ’. ‘टी’नंतरच्या ‘ओ’चेही तसेच. फोटोग्राफरमध्ये आघात त्याच्यावर येतो, म्हणून तिथे तो स्पष्ट ‘ऑ’ होतो. बाकी दोन्ही शब्दांत त्याच्यावर आघात नाही, म्हणून तो ‘अ’पर्यंत मावळतो. स्पेलिंग तसेच राहिले. आघात सरकला आणि त्याने स्वर बदलले. म्हणून फोटोग्राफमधला दुसरा ‘ओ’ अधोरेखित करून चिन्ह विचारले, तर उत्तर /ə/ येते, /əʊ/ नाही.

/ə/ या चिन्हाला इंग्रजी ध्वनिशास्त्रात ‘श्वा’ म्हणतात. मुले त्याला बिचकतात, पण हा आवाज आपल्याला नवा नाही. ‘कमळ’ म्हणताना ‘क’मध्ये जो अ येतो, तो याच्या अगदी जवळचा आहे. अडचण जिभेची नाही, डोळ्यांची आहे. मराठीत ‘ओ’ कुठेही आला तरी ‘ओ’च राहतो, त्यामुळे कागदावर दिसलेला स्वर पूर्ण म्हणायची आपल्याला सवय असते. इंग्रजीत मात्र हा ‘अ’ कोणत्याही स्वराक्षराच्या वेषात येतो. अबाउटच्या सुरुवातीला तो ‘ए’ असतो, प्रॉब्लेमच्या दुसऱ्या अवयवात ‘ई’, कॉमनच्या दुसऱ्या अवयवात ‘ओ’, तर सपोर्टच्या पहिल्या अवयवात ‘यू’. चार शब्दांत चार वेगळी अक्षरे, चिन्ह मात्र एकच.

यातूनच आपले उत्तर पडताळून पाहायची एक खात्रीची रीत मिळते. ब्रिटिश कोशांच्या पद्धतीत /ə/ वर आघात कधीच नसतो. ज्या अवयवाखाली तुम्ही रेघ ओढलीत, त्याच्याच स्वराला तिसऱ्या प्रश्नात /ə/ दिला असेल, तर दोहोंपैकी एक उत्तर नक्की चुकले आहे. उलट बाजूने मात्र हा नियम लागू होत नाही. आघात नसलेला प्रत्येक स्वर /ə/ होतोच असे नाही. फोटोग्राफिकच्या शेवटच्या अवयवात /ɪ/ च राहतो. आणि /əʊ/ मध्ये /ə/ दिसत असला तरी ते वेगळ्या, जोडस्वराचे चिन्ह आहे आणि त्याच्यावर आघात खुशाल येतो.

मग आघात शोधायचा कसा? शब्दाच्या शेवटावरून काही वेळा थेट कळते. शेवटी ‘-इक’, ‘-शन’ किंवा ‘-इटी’ असेल, तर आघात बहुधा त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर येतो. फोटोग्राफिकमध्ये तो ‘ग्रॅ’वर आला तो यामुळेच. अपवाद आहेत, पॉलिटिक्समध्ये आघात पहिल्याच अवयवावर असतो. नियम लागू पडत नसेल तर कोशातला उच्चार ऐकावा. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : जो शब्द मुलाने फक्त वाचला आहे, कधी ऐकलेला नाही, त्याचा आघात मनात म्हणून बघून सापडत नाही. तिथे फक्त अंदाज होतो, आणि दोन अवयवांच्या शब्दात अंदाजही निम्म्या वेळा बरोबर येतो. म्हणून नुसत्या गुणांवरून आघात समजला असे धरू नये.

कोश वापरणाऱ्या मुलांची एक ठरावीक चूक तपासताना चटकन ओळखता येते. आघाताची खूण अवयवाच्या आधी येते, म्हणजे पुढच्या अवयवावर आघात आहे असे ती सांगते. काही मुले ती मागच्या अवयवाची समजतात. फोटोग्राफरमध्ये खूण ‘फ’नंतर दिसते, म्हणून ती ‘फ’खाली रेघ ओढतात. पहिल्याच अवयवावर आघात असलेले शब्द बरोबर आणि बाकीचे एकेका अवयवाने मागे, असा उत्तरांचा नमुना दिसला, तर चूक खूण वाचण्यात आहे. एक वाक्य समजावून सांगितले की ती सुटते.

दोष कधी कधी प्रश्नातही असतो. ‘आर-ई-सी-ओ-आर-डी’ हा शब्द नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. हा शब्द वाक्याशिवाय एकटाच दिला असेल, तर दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात. ॲडव्हर्टाइझमेंटचेही असेच आहे. ब्रिटिश उच्चारात आघात ‘व्हर्’च्या अवयवावर, तर अमेरिकन उच्चारात बहुधा ‘टाइझ’च्या. त्यामुळे उत्तरसूची कोणत्या उच्चाराप्रमाणे केली आहे, ते पत्रिकेवर लिहिलेले असावे.

आता सायलेंट अक्षरे. इथे पाठांतरापेक्षा शब्दाचे नातेवाईक शोधणे जास्त उपयोगी पडते. साइनमधला ‘जी’ गप्प असतो, सिग्नेचरमध्ये तो बोलतो. मसलमधला ‘सी’ गप्प, मस्क्युलरमध्ये ‘क’ होऊन ऐकू येतो. ऑटमच्या शेवटचा ‘एन’ ऑटम्नलमध्ये प्रकट होतो. डेट, म्हणजे कर्ज, या शब्दातल्या ‘बी’ची गोष्ट वेगळी आहे. तो इंग्रजीत कधीच उच्चारला जात नव्हता. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. मूळ लॅटिन ‘देबितुम’ डोळ्यांसमोर ठेवून लिहिणाऱ्यांनी तो नंतर घातला. तरी डेबिट हा नातेवाईक शब्द आठवला की स्पेलिंग चुकत नाही.

शब्दाच्या शेवटी ‘एम-बी’ आले की ‘बी’ गप्प, हा नियम मुलांना चांगला पाठ असतो. कोम, थम, लॅम ही त्याची उदाहरणे. घोटाळा होतो तो ‘एन-यू-एम-बी-ई-आर’वर. आकडा या अर्थी तो नंबर आहे आणि त्यातला ‘बी’ स्पष्ट ऐकू येतो. पण बधिर या अर्थाच्या ‘नम’ला ‘-अर’ लागून ‘अधिक बधिर’ असा शब्द झाला, तर हेच स्पेलिंग ‘नमर’ असे म्हणतात आणि ‘बी’ गप्प राहतो. म्हणजे नियम अक्षरांच्या रांगेचा नाही, मूळ शब्दाच्या शेवटाचा आहे. बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला इंग्रजीत ‘बॉमर’ म्हणतात तेही याच कारणाने.

गोल कशाभोवती करू नये, हेही ठरवून घ्यावे. फोटोग्राफमधला ‘एच’ सायलेंट नाही. ‘पी’ आणि ‘एच’ मिळून /f/ हा एक आवाज देतात. होपच्या शेवटच्या ‘ई’ला स्वतःचा आवाज नाही, पण त्याच्यामुळेच ‘हॉप’चा ‘होप’ होतो. तो सायलेंट धरायचा की नाही, हे शिक्षकांनी आधीच सांगितले तर वाद होत नाही.

राहिली जोड्या लावायची. एका अक्षराला एकच आवाज असता तर चिन्हांची गरजच पडली नसती. मराठीतही ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांतले ‘ज’ म्हणताना वेगळे आहेत, लिहिताना सारखे. इंग्रजीत हे पावलोपावली होते. आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना 1886 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिच्या चिन्हांचे मूळ तत्त्व सरळ आहे : एका चिन्हाला एक आवाज. घोटाळा होतो तो अक्षरासारख्या दिसणाऱ्या चिन्हांनी. /j/ पाहिले की मुले ‘जॅम’ निवडतात, पण हे चिन्ह ‘य’चे आहे. जॅमच्या सुरुवातीचे चिन्ह /dʒ/.

जोड्यांच्या प्रश्नातून खरोखर काही तपासायचे असेल, तर अक्षर फसवेल असे शब्द घ्यावेत. ‘यू’ने सुरू होणाऱ्या युनिटचा पहिला आवाज /j/ आहे. ‘ओ’ने सुरू होणाऱ्या ‘वन’चा, म्हणजे एकचा, पहिला आवाज /w/ आहे. ‘ओ-एफ’ या शब्दातला ‘एफ’ /v/ म्हटला जातो. मराठी माणूस /v/ आणि /w/ या दोहोंसाठी एकच ‘व’ वापरतो, म्हणून इथे ओठ तपासावेत : /v/ ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, /w/ ला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांची जोडी स्पेलिंग पाहूनही लागते, त्यामुळे ती कागदावर बरोबर आली म्हणून तोंडातही बरोबर आली असे होत नाही. ती मोठ्याने म्हणवून घ्यावी.

या आठवड्याचा अभ्यास : इकॉनॉमी, इकॉनॉमिक, कंडेम आणि कंडेम्नेशन हे चार शब्द इंग्रजीत लिहा. आधी अवयव मोजा आणि आघाताखाली रेघ ओढा. नंतर सायलेंट अक्षर असेल तर गोल करा. चिन्हे सगळ्यात शेवटी द्या, मग रेघेवर /ə/ आले नाही ना ते पाहा आणि त्यानंतरच कोश उघडा. पुढच्या भागात उत्तरे पाहू आणि शब्दाच्या शेवटच्या ‘ई-डी’चे तीन उच्चार घेऊ.