दहा अंशांचे वळण आणि त्रुटीचे दोन हिशेब

एका छोट्या अँटेनाच्या थाळीला आज्ञा मिळते: उजवीकडे १० अंश वळ. मोटर ताबडतोब जोर लावते, पण थाळीला वजन असल्यामुळे ती क्षणात तिथे पोचत नाही. आज्ञेतला कोन आणि थाळीचा प्रत्यक्ष कोन यांतला फरक म्हणजे त्रुटी. ती १० अंशांपासून सुरू होते, कमी होत शून्यावर येते, बहुतेक वेळा शून्य ओलांडून थोडी पलीकडे जाते आणि मग परत येऊन स्थिरावते. पलीकडे जाण्याला नियंत्रण अभियांत्रिकीत ओव्हरशूट म्हणतात.

या लूपमध्ये दोन गेन असतात. पहिला त्रुटीला गुणतो: फरक जितका जास्त, तितका मोटरचा जोर जास्त. त्याला K म्हणू. दुसरा गेन वेगाला गुणतो आणि गतीच्या विरुद्ध काम करतो. मोटरच्या दांड्यावर बसवलेला टॅकोमीटर वेग मोजतो, आणि त्या प्रमाणात जोर कमी केला जातो. पाण्यातून हात फिरवताना वेगाबरोबर विरोध वाढतो, तसाच हा विरोध आहे, फक्त तो किती असावा हे आपण ठरवतो. त्याला b म्हणू. थाळीचा प्रवेग म्हणजे K गुणिले त्रुटी, वजा b गुणिले वेग. अशा रचनेला दुसऱ्या क्रमाचा लूप म्हणतात.

समजा K २५ वर पक्का केला आहे आणि फक्त b निवडायचा आहे. तो फार लहान ठेवला तर थाळी झपाट्याने जाते, पण बराच वेळ डोलत राहते. फार मोठा ठेवला तर डोलत नाही, पण रेंगाळते. मधली योग्य जागा शोधायची, तर ‘योग्य’ कशाला म्हणायचे हे एका आकड्यात सांगावे लागते. त्यासाठी दोन हिशेब सर्वांत जास्त वापरले जातात.

पहिला आयएई. दर क्षणाची त्रुटी घ्यायची, उणे चिन्ह असेल तर सोडून द्यायचे, आणि सगळ्या काळाची बेरीज करायची. आलेखावर पाहिले तर ते वक्र आणि शून्यरेषा यांच्यामधले एकूण क्षेत्रफळ आहे. दुसरा आयएसई. त्यात बेरीज करण्याआधी त्रुटीचा वर्ग करतात. वर्गामुळे चिन्हाचा प्रश्न आपोआप सुटतो, पण त्याबरोबर मोलभावही बदलतो. आयएईच्या दृष्टीने १० अंशांची त्रुटी एका अंशाच्या दहापट वाईट आहे; आयएसईच्या दृष्टीने ती शंभरपट वाईट आहे.

या मोलभावाचा परिणाम आपल्या थाळीवर काय होतो ते पाहू. K २५ असताना आयएसई सर्वांत कमी येतो तो b बरोबर ५ असताना. आयएईसाठी ती जागा सुमारे ६.६ आहे. अभियंते हेच डॅम्पिंग रेशोच्या भाषेत सांगतात. इथे तो b भागिले १० इतका येतो, म्हणजे आयएसईची निवड ०.५ आणि आयएईची ०.६६. b पाच ठेवला तर थाळी अर्ध्या सेकंदाच्या आतच पहिल्यांदा नेमक्या जागी पोचते, पण १.६ अंश पुढे निघून जाते. ६.६ ठेवला तर पहिल्यांदा पोचायला ०.६१ सेकंद लागतो, ओव्हरशूट मात्र जेमतेम ०.६ अंशाचे. कायमचे दोन टक्क्यांच्या पट्ट्यात स्थिरावायला पहिलीला १.६ सेकंद लागतात, दुसरीला १.२. लवकर पोचणारी थाळी उशिरा शांत होते.

हा फरक येतो कुठून? b पाच असतानाच्या वक्राचे दोन भाग करा: शून्य पहिल्यांदा ओलांडण्याआधीचा आणि नंतरचा. नंतरच्या भागात ओव्हरशूट आणि सगळे डोलणे येते. आयएईमध्ये या भागाचा वाटा २४ टक्के आहे. आयएसईमध्ये तो केवळ साडेचार टक्के आहे. एक-दीड अंशाच्या लहान त्रुटींचे वर्ग सुरुवातीच्या ८-१० अंशांच्या वर्गांपुढे नगण्य ठरतात. म्हणून आयएसईला एकाच गोष्टीची घाई असते: सुरुवातीची मोठी त्रुटी लवकर खाली आणा. त्यासाठी विरोध कमी करावा लागला आणि मागाहून थाळी डोलली, तर त्याची किंमत या हिशेबात फारशी लागत नाही. आयएई त्या डोलण्याचे पुरते पैसे लावतो.

मग आयएसई इतका रुळला कसा? मला वाटते, याचे मुख्य कारण तो कागदावर सुटतो हे आहे. त्रुटीच्या वर्गाची बेरीज पार्सेव्हालच्या प्रमेयाने थेट समीकरणाच्या सहगुणकांतून मिळते, वक्र काढावाच लागत नाही. डॅम्पिंग रेशोला ζ म्हटले आणि एकके सोपी केली, तर दुसऱ्या क्रमाच्या लूपसाठी सगळे उत्तर एका ओळीत मावते:

J = ζ + 1/(4ζ)

ζ वाढवला की पहिले पद वाढते, दुसरे घटते, आणि दोन्ही समान होतात तिथे, म्हणजे ०.५ वर, J सर्वांत लहान. दुसऱ्या महायुद्धात एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत रडारच्या सर्व्होंवर जे काम झाले, त्यातून १९४७ मध्ये जेम्स, निकल्स आणि फिलिप्स यांचे ‘थिअरी ऑफ सर्व्होमेकॅनिझम्स’ हे पुस्तक आले. वर्गाच्या अशा संकलनांची तयार कोष्टके त्याच्या परिशिष्टात आहेत. आयएईची अडचण अशी की चिन्ह पुसण्यासाठी वक्र शून्य कुठे कुठे ओलांडतो ते शोधावे लागते आणि तुकड्यातुकड्याने बेरीज करावी लागते. दुसऱ्या क्रमात ते हाताने जमते, पुढच्या क्रमांत कष्टाचे होते. आज संगणकाला दोन्ही सारखेच सोपे आहेत, पण ०.५ हा आकडा पाठ्यपुस्तकांत तेव्हापासून बसून आहे. १९५३ मध्ये ग्रॅहॅम आणि लॅथ्रोप यांनी उशिराच्या त्रुटीला वेळेने गुणून जास्त दंड लावणारा आयटीएई हा तिसरा हिशेब पुढे आणला, तो डोलण्यावरच्या याच असमाधानातून.

या दोन आकड्यांमध्ये भांडण लावण्याआधी त्यांच्या आसपासची जमीन किती सपाट आहे ते पाहायला हवे. b पाच असताना आयएसई २० आणि आयएई ३.४३ येतो. ६.६ असताना आयएसई २०.८ आणि आयएई ३.२१. म्हणजे दुसऱ्याच्या निवडीवर गेल्याने आयएसईचे नुकसान चार टक्के, आयएईचे सात टक्के. b सहा ठेवला तर दोन्ही आपापल्या किमानापेक्षा दोन टक्क्यांहून कमी वर राहतात. ओव्हरशूट मात्र या सगळ्यात १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांपर्यंत हलते. निर्देशांक जवळजवळ हलत नाही आणि थाळीचे वागणे खूप बदलते, असा हा पट्टा आहे. म्हणून ५.८ की ६.१ हा वाद मी निर्देशांकाच्या दशांशावर सोडवणार नाही. गिअरमधली ढिलाई किती धक्के सोसते आणि थाळीने किती पुढे गेलेले चालेल, हे विचारीन. धोका टोकांना आहे. b तीनवर आणला तर ओव्हरशूट ३७ टक्के होते आणि आयएई ४.७ वर उडी मारतो, आयएसई मात्र २२.७ इतकाच वाढतो. b दहा केला तर आयएसई २५ आणि आयएई ४.

इथवर K पक्का होता. आता उलटे करू: b दहावर पक्का ठेवू आणि K वाढवू. प्रत्यक्षात अनेकांच्या हातात हाच एक गेन असतो, आणि ०.५ किंवा ०.६६ हे आकडे पाठ करून आलेला इथे चकतो. कारण या वेळी दोन्ही निर्देशांकांना तळच नाही. K २५ असताना आयएई ४ आणि आयएसई २५. K शंभर केला की १.७१ आणि १०. डॅम्पिंग रेशो आता ०.५ आहे, पण घसरण थांबत नाही. K २५०० वर नेला तर ओव्हरशूट ७३ टक्के होते, थाळी पिसाट डोलते, आणि तरीही आयएई १.२९ व आयएसई ५.२ इतके खाली येतात. त्याखालची मर्यादा १.२७ आणि ५, आणि K कितीही वाढवला तरी दोन्ही त्या दिशेने उतरतच राहतात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डोलणे किती वेळात विरते हे या लूपमध्ये फक्त b ठरवतो. K वाढवल्याने थाळी त्याच विरत्या आवरणाच्या आत जास्त वेगाने डोलते, एवढेच. डोलण्याची उंची आवरणाच्या बाहेर जात नाही, म्हणून एकूण क्षेत्रफळही वाढत नाही. शिवाय निव्वळ दुसऱ्या क्रमाचा लूप कोणत्याही गेनला अस्थिर होत नाही, त्यामुळे गणिताला थांबण्याचे कारण मिळत नाही.

प्रत्यक्ष यंत्राला ते मिळते. अ‍ॅम्प्लिफायर, मोटरची वेटोळी, गिअरचा दांडा यांपैकी कुठेतरी थोडा विलंब असतोच. तो केवळ एक शतांश सेकंदाचा धरला, तरी लूप तिसऱ्या क्रमाचा होतो, आणि राउथच्या कसोटीने K ची मर्यादा हजाराच्या आसपास निघते. त्यापलीकडे डोलणे विरण्याऐवजी वाढत जाते. कागदावर २५०० ला शाबासकी देणारा हिशेब करत असताना खरी थाळी केव्हाच सुटलेली असेल. म्हणून K निवडायचा असेल तर तो लहानसा विलंब मॉडेलमध्ये घालूनच निर्देशांक काढावा. मग दोन्ही वक्रांना तळ मिळतो. विलंब मोजणे शक्य नसेल तर ओव्हरशूटवर वेगळी मर्यादा लिहून द्यावी आणि निर्देशांक त्या मर्यादेच्या आतच वापरावा.

मोजमापाच्या वेळी आणखी एक फरक दिसतो, आणि तो आयएईच्या विरुद्ध जातो. कोन मोजणाऱ्या संवेदकाच्या वाचनात बारीक थरथर असते. तिची सरासरी उंची ०.०४ अंश धरली आणि नोंद दहा सेकंद चालू ठेवली, तर थाळी शांत झाल्यावरही आयएईमध्ये जवळजवळ ०.४ ची भर पडते. मूळ आकडा ३.२ चा, म्हणजे १२ टक्के खोटी त्रुटी, आणि ही भर ५ व ६.६ यांतल्या फरकाहून मोठी आहे. आयएसईमध्ये तीच थरथर वर्ग होऊन जवळजवळ नाहीशी होते. नोंद लांबवली की भर वाढते, म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या नोंदींतले आयएई एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. या थाळीसाठी आज्ञेपासून दोन सेकंदांची खिडकी पुरते: तेवढ्यात दोन्ही निवडी स्थिरावलेल्या असतात. प्रत्येक चाचणीत तीच खिडकी, तीच १० अंशांची आज्ञा आणि तीच दिशा ठेवावी, कारण गिअरची ढिलाई डावीकडे वळताना वेगळी लागू शकते.