अरुंद घळीतली उतरण

x² + 100y² या राशीचा निम्मा भाग घ्या. त्याची सर्वांत कमी किंमत शून्यावर आहे, हे नुसतं बघूनही कळतं. तरी ग्रेडियंट डिसेंटला तिथं पोचताना घाम फुटतो.

ही पद्धत दर पावलाला जिथं उतार सर्वांत तीव्र, तिकडे सरकते. इथली वक्रता x दिशेत 1 आणि y दिशेत 100 आहे. हीच दोन आयगेनमूल्यं. मोठ्याला लहानानं भागलं की कंडिशन नंबर मिळतो: 100. आकार लांबट, अरुंद घळीसारखा.

पावलाचं माप ठरवते ती उभी बाजू. माप 0.021 ठेवलं, तर y दर पावलाला चिन्ह बदलत 1.1 पटीनं वाढतो आणि गणित हाताबाहेर जातं. 0.02 च्या आतच राहावं लागतं, आणि तेवढ्याशा पावलांनी x मात्र रांगतो. सर्वोत्तम माप 2/101. त्यानंही चूक दर वेळी 99/101 पट, म्हणजे जेमतेम दोन टक्क्यांनी घटते. ती हजारपट कमी व्हायला सुमारे 346 पावलं लागतात. कंडिशन नंबर 4 असता, तर 14 पुरली असती.

खूण सोपी: एक चल इकडून तिकडे हेलकावतो, दुसरा जवळपास जागचा हलत नाही. इथं y ऐवजी z = 10y घेतलं की घळ गोल वाटी होते आणि माप 1 ठेवल्यास एकाच पावलात तळ. घळ तिरकी असेल, तर मात्र नुसतं एकक बदलून भागेलच असं नाही.