तिसऱ्या गोळीआधीची रक्ततपासणी

रक्तदाब वाढला की बहुतेकांना त्यामागचे एक नेमके कारण सांगता येत नाही. घराण्यातला वारसा, मीठ, वजन, वय अशा गोष्टी मिळून तो वाढवतात. पण काही रुग्णांत एखाद्या ग्रंथीत, रक्तवाहिनीत किंवा झोपेतल्या श्वासात बिघाड असतो आणि रक्तदाब त्याच्यामुळे चढतो. याला दुय्यम उच्च रक्तदाब म्हणतात. त्यातला सर्वांत जास्त निसटणारा प्रकार ॲड्रेनल ग्रंथीचा आहे, म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहितो.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ॲड्रेनल ग्रंथी असते. तिच्यातून निघणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मूत्रपिंडाला मीठ राखायला आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडायला लावते. ते किती स्रवायचे, हे मुख्यतः मूत्रपिंडातले रेनिन ठरवते. शरीरात मीठ-पाणी कमी झाले की रेनिन वाढते आणि त्यामागोमाग अल्डोस्टेरॉन. पुरेसे झाले की दोन्ही उतरतात. काही जणांच्या ग्रंथीला मात्र हा हिशेब राहत नाही. रेनिन जवळजवळ शून्यावर आले तरी अल्डोस्टेरॉन स्रवतच राहते, मीठ साठते आणि रक्तदाब चढतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांनी 1950च्या दशकाच्या मध्यात अशा एका 34 वर्षांच्या स्त्रीचे वर्णन केले. तिला स्नायूंचे पेटके आणि अशक्तपणा होता, पोटॅशियम खूप खाली होते. ॲड्रेनलमधली गाठ काढल्यावर ती सुधारली.

कॉन यांच्या रुग्णामुळे एक समज पक्का झाला: पोटॅशियम कमी असेल तरच हा आजार शोधायचा. तो समज आता टिकत नाही, कारण या रुग्णांपैकी बहुतेकांचे पोटॅशियम सामान्य असते. शोधायला गेले तर उच्च रक्तदाबाच्या साधारण 5 ते 10 टक्के लोकांत हा आजार सापडतो, आणि तीन-तीन औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात तर पाचातल्या एकापर्यंत. शिवाय जास्तीचे अल्डोस्टेरॉन हृदय आणि रक्तवाहिन्यांना थेट इजा करते. रक्तदाबाचा आकडा तेवढाच असूनही या रुग्णांत पक्षाघात आणि हृदयाची अनियमित लय जास्त दिसते.

एक उदाहरण पाहू. 38 वर्षांचे एक बँक कर्मचारी आहेत. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन या तीन गोळ्या पूर्ण मात्रेत घेऊनही घरचा रक्तदाब 160/100च्या आसपास राहतो. डॉक्टरांनी आधी साध्या गोष्टी तपासल्या: गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का, पट्टा दंडाच्या मापाचा आहे का, अंगदुखीच्या गोळ्या चालू आहेत का. खोकल्यासाठी ज्येष्ठमध नेहमी चघळता का, हेही विचारले. हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा, कारण फार ज्येष्ठमध खाल्ल्यानेही रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरते. यातले काहीच नव्हते. पोटॅशियम 3.3 आले. क्लोरथॅलिडोनने ते खाली जाते, म्हणून तिथेच थांबता आले असते. डॉक्टर थांबले नाहीत.

कमी पोटॅशियममुळे अल्डोस्टेरॉन खोटे कमी दिसू शकते, म्हणून आधी ते भरून काढले. मीठ एकदम कमी करू नका, असेही सांगितले. मग सकाळी उठून दोन तास हिंडल्यावर, थोडा वेळ बसवून रक्त घेतले. अल्डोस्टेरॉन 24 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले आणि रेनिनची क्रियाशीलता 0.4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास. 24 ला 0.4 ने भागले की 60 येतात. याच एककांत हे गुणोत्तर 20 ते 30च्या वर आणि अल्डोस्टेरॉनही पुरेसे जास्त असेल, तर शंका पक्की होत जाते. इथे आणखी एक गोष्ट बोलकी आहे. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन रेनिन वाढवतात. तरीही ते तळाशी राहिले, म्हणजे पुरावा जास्तच भक्कम. उलट मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर त्यानेच रेनिन दबते आणि नसलेला आजार दिसू शकतो. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल आणि बंद करणे सुरक्षित असेल, तर सहसा चार आठवडे थांबवतात.

पुढे शिरेतून चार तासांत दोन लिटर सलाइन देऊनही अल्डोस्टेरॉन उतरले नाही. सीटी स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीत दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. ती लगेच काढणे घाईचे ठरले असते, कारण निरुपद्रवी गाठी वयानुसार सर्रास सापडतात आणि खरा दोष दुसऱ्या बाजूला किंवा दोन्हीकडे असू शकतो. त्यामुळे जांघेतून नळी घालून दोन्ही ग्रंथींच्या शिरांतले रक्त वेगवेगळे तपासले जाते. उजवी शीर अगदी आखूड असते आणि अनुभवी हातांनाही हुकते. म्हणून नळी योग्य जागी होती का, हे त्याच रक्तातल्या कॉर्टिसॉलवरून पडताळतात. ही तपासणी ती नेहमी करणाऱ्या केंद्रातच करावी, असे माझे ठाम मत आहे. अपयशी नमुन्यावरून झालेली शस्त्रक्रिया परत घेता येत नाही.

दोष एकाच बाजूचा निघाला तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढतात. पोटॅशियम जवळजवळ नेहमी सुधारते. रक्तदाबाच्या सगळ्याच गोळ्या सुटतात असे नाही, पण अनेकांच्या कमी होतात. दोन्ही बाजूंचा दोष असेल तर स्पायरोनोलॅक्टोन देतात आणि पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासत राहतात. या औषधाने काही पुरुषांची छाती दुखते किंवा वाढते. त्यांना एप्लेरेनोन देता येते.

रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही वर असतील तर नजर मूत्रपिंडाच्या धमनीकडे वळते, अर्थात गोळ्यांचा परिणाम वजा करून. धमनी अरुंद झाली की मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते आणि ते रेनिन सोडत राहते. तरुण स्त्रियांत धमनीच्या भिंतीचा एक विकार किंवा ताकायासू हा दाह याचे कारण असू शकतो. ताकायासूमध्ये एका हाताची नाडी कमजोर लागते किंवा दोन हातांच्या रक्तदाबात फरक असतो, म्हणून दोन्ही हातांवर मोजावे. वृद्धांत बहुधा चरबीचा थर असतो. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखे औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन 30 टक्क्यांहून जास्त वाढणे, एक मूत्रपिंड दुसऱ्यापेक्षा बरेच लहान दिसणे, फुफ्फुसात अचानक पाणी भरणे, या खुणा दिसल्या की डॉप्लर किंवा सीटी अँजिओग्राफी करतात. भिंतीच्या विकारात फुग्याने धमनी रुंद केल्यावर चांगला फरक पडतो. चरबीच्या थरात मात्र स्टेंट नेहमीच्या औषधोपचारापेक्षा सरस ठरला नाही, हे 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरल चाचणीत दिसले.

झोपेतल्या श्वासअडथळ्याची खबर बहुधा शेजारी झोपणाऱ्यालाच असते: जोरात घोरणे, मध्येच श्वास थांबणे, मग दचकून उठणे. सकाळी डोके दुखणे आणि दिवसा पेंगणे जोडीला असेल तर झोपेची चाचणी करावी. सीपॅप यंत्राने दिवसाची पेंग जाते, पण रक्तदाब सरासरी थोडाच, दोन-तीन अंकांनी उतरतो. या रुग्णांतही अल्डोस्टेरॉन तपासावे, कारण दोन्ही आजार बरेचदा एकत्र असतात.

चाळिशीच्या आत रक्तदाब जडला, तीन औषधांनीही आवरला नाही, पोटॅशियम कमी आले, ॲड्रेनलमध्ये गाठ दिसली किंवा घरात कुणाला कमी वयात पक्षाघात झाला, तर अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणी टाळू नये. अलीकडच्या मार्गदर्शक सूचना तर उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णात ती करावी या बाजूला झुकल्या आहेत आणि मला ते पटते. पुढच्या भेटीला जाताना चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या, या तपासणीबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा, आणि तिच्यासाठी कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.