सर्दीची गोळी आणि रात्रीचा तोल

जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक भागात नोकरी करणाऱ्या मुलाकडे पुण्याहून चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा राहायला आले आहेत, असं समजा. मधुमेहामुळे तळपाय जळजळतात, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिलेली. झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५, तीही जुनीच. इथल्या थंडीनं सर्दी झाली. मुलानं मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या, दिवसाला तीन.

तिसऱ्या दिवशी आजोबांचं तोंड कोरडं पडलं आणि लघवी अडखळू लागली. रात्री ते सुनेला बहिणीच्या नावानं हाका मारू लागले, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाले, आणि दोन वाजता बाथरूमला जाताना पडले. घरचे म्हणाले, वय झालं.

वय तीन दिवसांत होत नाही. अशा बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. ते आणि अमिट्रिप्टिलिन, दोन्ही अॅसिटिलकोलीन या रसायनाचं काम अडवतात. लाळ, मूत्राशयाचं आकुंचन, आतड्यांची हालचाल, मेंदूतलं लक्ष आणि स्मरण, सगळं त्यावर चालतं. म्हणून कोरडं तोंड, अडलेली लघवी, बद्धकोष्ठ आणि भ्रम ही लक्षणं एकत्र दिसली, की आधी औषधांकडे बघावं. अमिट्रिप्टिलिननं उभं राहताना रक्तदाबही घसरतो. अल्प्राझोलाम स्नायू ढिले करतं, पाऊल सावरायला उशीर होतो. उतारवयात यकृत आणि मूत्रपिंड औषध हळू बाहेर टाकतात, त्यामुळे रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळतो. एकेक गोळी कदाचित सोसली असती. तिन्हींची बेरीज नाही सोसली.

डिमेन्शिया महिन्यांत, वर्षांत वाढतो. हा गोंधळ तासादिवसांत येतो आणि दिवसभर कमीजास्त होत राहतो. तो दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कारण संसर्ग, सोडियम किंवा साखर कमी होणं, पडताना डोक्याला लागलेला मार, हेही तपासावं लागतं. आपणच निदान करून घरी बसू नका.

सर्दीची गोळी लगेच थांबवता येते. अल्प्राझोलाम मात्र रोज घेणाऱ्यानं एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्या-महिन्यांनी थोडंथोडं उतरवतात. अमिट्रिप्टिलिनला पर्याय आहे का, हेही तेच ठरवतील. सर्दीला मिठाच्या पाण्याचे नाकात थेंब आणि वाफ पुरते, पण गरम पाण्याचं भांडं आजोबांच्या हाताशी एकटं सोडू नका.

आपली मंडळी दोन-तीन गावांत विखुरलेली, डॉक्टरही तसेच. पुण्याच्या डॉक्टरांना जयपूरची गोळी माहीत नसते. म्हणून कागद नको, सगळ्या गोळ्यांची पिशवीच डॉक्टरांसमोर रिकामी करा: मेडिकलमधून आणलेल्या, उलटीच्या, खाजेच्या, लघवी रोखण्याच्या, शेजाऱ्यानं दिलेल्यासुद्धा. आणि त्यांना झोपलेल्या स्थितीत, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा वीसनं घसरला, तर रात्री पडण्याचं एक कारण तिथंच सापडेल.